मीटिंगच्या मेलमधली तारीख, वेळ आणि आकडे: चुकीचं वाचताच येणार नाही असं कसं लिहायचं

चाकणच्या एखाद्या कारखान्यात तुम्ही नुकतेच रुजू झाला आहात असं समजू. पावडर कोटिंगचा माल म्युनिकहून येतो आणि तयार भाग शिकागोच्या गिऱ्हाइकाला जातात. साहेब सांगतात, "मंगळवारची मीटिंग लाव, तिघांना मेल टाक." तुम्ही पाच मिनिटांत हे लिहिता:

```
Dear all,
Let us meet on 10/03 at 6.30 IST.
Agenda: trial lot of 1,250 kg, budget 12,50,000.
Send your comments by 12 midnight on 9th.
```

पुण्यात बसून वाचलं तर यात खटकण्यासारखं काहीच नाही. आता हाच मेल शिकागोत उघडा. अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात, त्यामुळे `10/03` म्हणजे तिथे ३ ऑक्टोबर. म्युनिकच्या माणसाला १० मार्च बरोबर कळतं, पण `6.30` तो पहाटेचे साडेसहा समजतो, कारण त्याच्याकडे संध्याकाळचे साडेसहा `18:30` असे लिहायची सवय आहे. `1,250 kg` त्याला सव्वा किलो दिसतं, कारण जर्मनीत दशांशाच्या जागी स्वल्पविराम असतो. चाचणीसाठी सव्वा किलो पावडर मागवणं अगदी शक्य असल्यामुळे त्याला शंकाही येत नाही. `12,50,000` हा आकडा दोघांनाही चमत्कारिक वाटतो. एखादा अंक टाइप करायचा राहिला असेल, असा त्यांचा समज होतो.

मेल वाचणारा समोर नसतो. शंका आली तरच तो विचारेल. म्हणून खरा घात करतो तो आकडा चुकीचा असूनही पटण्यासारखा वाटणारा. यावरचा उपाय सगळीकडे एकच आहे आणि पुढच्या प्रत्येक पायरीत तोच वापरायचा आहे: कुठलाही आकडा मेलमध्ये एकटा सोडायचा नाही. त्याच्या शेजारी एक साक्षीदार उभा करायचा. आकडा चुकीचा वाचला गेला, तर साक्षीदाराशी त्याचा मेळ बसणार नाही आणि वाचणारा तिथेच थांबेल.

तारीख: महिन्याचं नाव अक्षरात, सोबत वार

`10/03` ऐवजी `Tuesday, 10 March 2026` लिहा. महिना अक्षरात आला की दिवस कुठला आणि महिना कुठला हा प्रश्नच उरत नाही. १३ ते ३१ तारखांना ही अडचण तशीही येत नाही, कारण तेरावा महिना नसतो. धोका १ ते १२ या तारखांना असतो. त्यातल्या १/१, २/२ अशा बारा जोड्या उलटसुलट वाचल्या तरी सारख्याच. त्या सोडल्या तर वर्षात १३२ दिवस असे आहेत, जे आकड्यांत लिहिले की दुसऱ्याच महिन्यात जाऊ शकतात. म्हणून "मी नेहमी आकड्यांतच लिहितो, कधी घोळ झाला नाही" असं कुणी सांगितलं, तर त्याच्या मीटिंगा बहुधा महिन्याच्या उत्तरार्धात पडल्या असतील.

वाराचं काम वेगळं आहे. २०२६ मध्ये १० मार्चला मंगळवार आहे आणि ३ ऑक्टोबरला शनिवार. त्यामुळे `Tuesday 10/03` एवढं जरी लिहिलं असतं, तरी शिकागोच्या माणसाने कॅलेंडर उघडताच त्याला गडबड कळली असती. वार तुमच्या स्वतःच्या चुकाही पकडतो. घाईत १० च्या जागी ११ टाइप झालं आणि वार मंगळवारच राहिला, तर कुणीतरी लगेच विचारतं, "मंगळवार की बुधवार?" हा प्रश्न मीटिंगच्या आधी येणं केव्हाही चांगलं.

मात्र नुसत्या वारावर विसंबून महिना आकड्यात ठेवू नका. ९ मे आणि ५ सप्टेंबर या दोन तारखांना कुठल्याही वर्षी एकच वार येतो. ७ नोव्हेंबर आणि ११ जुलै यांचंही तसंच. अशा तारखेला `09/05` लिहून पुढे अचूक वार घातला, तरी दोन्ही वाचनं जुळतात आणि साक्षीदार फुटतो. महिन्याचं नाव आणि वार दोन्ही हवेत ते यासाठी.

फाइलच्या नावात किंवा एक्सेलच्या रकान्यात नाव लिहिणं अवघड जातं. तिथे वर्ष आधी घेऊन `2026-03-10` असं लिहा. ही आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकातली पद्धत आहे. वर्ष पुढे आलं की पाठोपाठ महिना आणि मग दिवस असंच वाचलं जातं, शिवाय फायली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. माणसांना पाठवायच्या मेलमध्ये मात्र मी महिन्याचं नावच पसंत करेन, कारण ते वाचायला विचार करावा लागत नाही.

"येत्या शुक्रवारी", "पुढच्या शुक्रवारी", "परवा" हे शब्द बोलण्यात ठीक आहेत. मेल कधी उघडला जाईल हे आपल्या हातात नसतं. सोमवारी पाठवलेला मेल बुधवारी वाचणाऱ्याचा "परवा" शुक्रवार असतो. असे शब्द लिहायचेच असतील तर त्यांच्यामागे पूर्ण तारीख हवी.

वेळ: चोवीस तासांचं घड्याळ, शहराचं नाव आणि यूटीसीपासूनचा फरक

रेल्वेच्या वेळापत्रकामुळे `18:30` आपल्याला नवं नाही. मेलमध्येही तसंच लिहा आणि मधे पूर्णविराम न घालता दोन टिंबांचं चिन्ह घाला, कारण `6.30` दशांशासारखं दिसतं. गिऱ्हाईक अमेरिकन असेल आणि त्याला बारा तासांचं घड्याळ सोयीचं वाटत असेल, तर त्याच्या ओळीत `8:00 AM` लिहायला हरकत नाही. पण एएम-पीएम कधीच गाळायचं नाही.

आता `IST` बद्दल. आपल्याला तो भारतीय वेळेचा शिक्का वाटतो. पण इस्रायलची प्रमाणवेळ आणि आयर्लंडची उन्हाळी वेळ यांनाही हीच तीन अक्षरं लावतात. `CST` चं तर आणखी अवघड: शिकागोची हिवाळी वेळ तीच अक्षरं वापरते आणि चीनची वेळही. तेव्हा या अक्षरांवर भिस्त न ठेवता शहराचं नाव लिहा आणि त्याच्यापुढे यूटीसीपासूनचा, म्हणजे जगभर संदर्भासाठी धरतात त्या प्रमाणवेळेपासूनचा, फरक द्या. पुण्यासाठी तो `UTC+05:30`, बाराही महिने तोच.

खरी मेख त्या "बाराही महिने" मध्ये आहे. आपल्याकडे घड्याळ पुढेमागे करत नाहीत, अमेरिका आणि युरोपात करतात. तेही एकाच दिवशी नाही. अमेरिकेत २००७ पासून मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. २०२६ मध्ये अमेरिकेचा बदल ८ मार्चला आणि युरोपचा २९ मार्चला. मधल्या तीन आठवड्यांत अमेरिका बदललेली असते, युरोप जुन्याच वेळेवर असतं.

आपली मंगळवारची मीटिंग दर आठवड्याला पुण्याच्या `18:30` ला ठेवली, तर मार्चमध्ये काय होतं ते बघा:

```
          Pune    Munich  Chicago
3 March   18:30   14:00   07:00
10 March  18:30   14:00   08:00
17 March  18:30   14:00   08:00
24 March  18:30   14:00   08:00
31 March  18:30   15:00   08:00
```

३ तारखेला शिकागोच्या माणसाने सकाळी सातला हजेरी लावली. दहा तारखेला तो सवयीने सातला आला, तर तासभर एकटाच बसून राहील. ३१ तारखेला तीच पाळी म्युनिकवर. तुमच्या घड्याळात काहीच बदललेलं नसतं, म्हणून तुम्हाला याचा पत्ताही लागत नाही. मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दर आठवड्याची मीटिंग असेल, तर बदलाच्या आधीच्या शुक्रवारी एक ओळीचा मेल पाठवून तिन्ही शहरांच्या नव्या वेळा कळवायची सवय लावून घ्या.

इथे एक सूक्ष्म चूक फार जण करतात. १० मार्चच्या मेलमध्ये शिकागोची वेळ `08:00 CST` लिहितात. पण त्या दिवशी शिकागो उन्हाळी वेळेवर, म्हणजे `CDT` वर आहे. `CST` शब्दशः धरलं तर ती वेळ पुण्यात संध्याकाळचे साडेसात होते. शिकागोचा माणूस दुर्लक्ष करून आठला येईल, पण कुणी ती अक्षरं वेळ बदलून देणाऱ्या साइटवर घातली की तासाचा फरक पडलाच. `Chicago 08:00` लिहिलं की ही भानगड राहत नाही. शहरात त्या दिवशी जे घड्याळ चालू आहे, तेच धरलं जातं.

वेळेसोबत मीटिंग संपण्याची वेळही द्या, आणि दोन वेळांच्या मधे नुसती आडवी रेघ नको. `10-12` हे दहा ते बारा वाजता आहे, दहा ते बारा तारीख आहे, की १० डिसेंबर? `18:30 to 19:15` लिहायला दोन अक्षरं जास्त लागतात, इतकंच.

रात्री बारा

"नऊ तारखेला रात्री बारापर्यंत" म्हणजे नऊ तारीख सुरू होताना की संपताना? एखादा माणूस आठ तारखेची रात्र धरेल आणि त्याच्या लेखी मुदत एक पूर्ण दिवस आधीच संपेल. इंग्रजीत `12 AM` आणि `12 PM` यांचाही असाच गोंधळ चालतो. मुदत असेल तर `23:59` लिहा, म्हणजे तारीख नक्की होते. त्याहून बरं म्हणजे मुदत मध्यरात्रीची ठेवूच नका. ज्याच्याकडून उत्तर हवं आहे, त्याच्या कामाच्या वेळेत ती संपू दे.

आपल्याकडे यात एक जास्तीची गुंतागुंत आहे. बोलताना आपला दिवस उजाडल्यावर सुरू होतो. "मंगळवारी रात्री साडेबाराला कॅलिफोर्नियाचा कॉल आहे" असं कुणी म्हणालं, तर त्याच्या मनात मंगळवारची जेवणं उरकल्यानंतरची रात्र असते. कॅलेंडरच्या हिशोबाने तेव्हा बुधवार लागलेला असतो. रात्री ००:१० च्या गाडीचं तिकीट काढणारे जसे एक दिवस उशिरा स्टेशनवर पोचतात, तसंच इथे होतं. अशा कॉलच्या मेलमध्ये दोन्ही दिवस लिहून टाका: "बुधवार, ११ मार्च २०२६, ००:३०, म्हणजे मंगळवारची रात्र". शक्य असेल तर वेळच तासाभराने अलीकडे घ्या आणि मध्यरात्र ओलांडूच नका.

मेल मराठीत असेल आणि वाचणारे सगळे मराठी असतील, तर देवनागरी आकडे खुशाल वापरा. यादीत एकही अमराठी माणूस असेल, तर इंग्रजी आकडे घ्या. देवनागरी न येणाऱ्याला ४ हा आठसारखा दिसतो आणि १ हा नऊसारखा. "४ वाजता" वाचून तो आठला येईल, आणि त्याला दोष देता येणार नाही. एकाच ओळीत दोन्ही लिप्यांचे आकडे तर कधीच मिसळू नका.

रकमा आणि मापं

स्वल्पविराम आणि टिंब यांचे अर्थ देशागणिक उलटतात. आपण दीड हजार `1,500` लिहितो, जर्मनीत तेच `1.500` होतं. मग प्रत्येक आकड्याची धास्ती घ्यायची का? नाही. नीट पाहिलं तर धोका एकाच ठिकाणी आहे: आकड्यात एकच चिन्ह असेल आणि त्याच्यापुढे नेमके तीन अंक असतील तेव्हा. `1,250` आणि `1.250` हे दोन्ही सव्वा किंवा साडेबाराशे होऊ शकतात. `1.25` मात्र कुठेही सव्वाच, कारण हजाराच्या गटात दोन अंक असू शकत नाहीत. त्यामुळे चार अंकी संख्येत चिन्ह घालूच नका, सरळ `1250 kg` लिहा. दशांशानंतर तीन अंक येत असतील आणि शेवटचा शून्य असेल, तर तो काढा. तांत्रिक कारणाने तो ठेवावाच लागत असेल, तर एकक बदला: `1.250 kg` ऐवजी `1250 g`. एकक हाच इथला साक्षीदार आहे. नुसतं `1250` कधीच नको.

मोठ्या रकमांना आपली लाख-कोटीची मांडणी परदेशात कळत नाही. `12,50,000` ऐवजी मेलमध्ये `INR 1.25 million` लिहा आणि यादीत आपल्या लेखा विभागाची माणसं असतील, तर पुढे `12.5 lakh` ही जोडा. दोन्ही लिहिल्यामुळे एक फायदा होतो. रूपांतर करताना तुमचा एखादा शून्य चुकला, तर दोन आकडे जुळत नाहीत आणि पाठवण्याआधीच सापडतो. पूर्ण आकडा लिहायचा झाला, तर मोजमापांच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीप्रमाणे तीन-तीन अंकांत मोकळी जागा सोडून `1 250 000` लिहावा. फक्त मेलमध्ये ओळ त्या मोकळ्या जागेवर तुटू शकते. वर्डमध्ये `Ctrl+Shift+Space` दाबलं की न तुटणारी जागा मिळते.

`L`, `Cr`, `M`, `k` असली एकाक्षरी रूपं टाळा. `L` लाखही आहे आणि लिटरही. अब्जांवर व्यवहार गेला तर आणखी जपून: जर्मनमधलं "बिलियन" म्हणजे इंग्रजी ट्रिलियन, एकावर बारा शून्यं. चलनासाठी नुसतं डॉलरचं चिन्ह पुरत नाही. सिंगापूर, कॅनडा, ऑस्ट्रेलिया सगळ्यांचे डॉलर आहेत. `USD`, `SGD`, `INR` ही तीन अक्षरी चिन्हं वापरा.

तोच मेल, नव्याने

```
Subject: Trial lot review, Tue 10 March 2026

Tuesday, 10 March 2026
Pune     18:30 to 19:15  UTC+05:30
Munich   14:00 to 14:45  UTC+01:00
Chicago  08:00 to 08:45  UTC-05:00

Trial lot: 1250 kg
Budget: INR 1.25 million, i.e. 12.5 lakh rupees

Comments by Monday, 9 March 2026:
Pune 21:30, Munich 17:00, Chicago 11:00
```

मुदत पुण्याच्या रात्री साडेनऊची का? तेव्हा म्युनिकमध्ये संध्याकाळचे पाच असतात आणि शिकागोत सकाळचे अकरा. म्युनिकच्या माणसाला पूर्ण दिवस मिळतो, शिकागोच्या माणसाला निदान सकाळ मिळते. पुण्याच्या संध्याकाळी सहाची मुदत ठेवली असती, तर शिकागोत ती सकाळी साडेसातलाच संपली असती, म्हणजे त्याच्यासाठी खरी मुदत शुक्रवारचीच.

पाठवण्याआधी तिन्ही ओळी यूटीसीवर आणून तपासा. १८:३० मधून साडेपाच तास वजा केले की १३:००. १४:०० मधून एक वजा केला की १३:००. ०८:०० मध्ये पाच मिळवले की १३:००. तिन्ही उत्तरं एकच आली तर वेळा बरोबर. एखादं वेगळं आलं, तर बहुतेक वेळा उन्हाळी वेळ विसरलेली असते.

कॅलेंडरचं निमंत्रण

नुसत्या मेलसोबत गूगल कॅलेंडर किंवा आउटलुकमधून निमंत्रणही पाठवा, कारण ते वाचणाऱ्याच्या घड्याळात वेळ आपोआप दाखवतं. निमंत्रणाच्या आत वेळ सहसा टाइम झोनसकट साठवलेली असते. ती फाइल उघडली तर साधारण अशी ओळ दिसते:

```
DTSTART;TZID=Asia/Kolkata:20260310T183000
```

आउटलुकच्या फाइलीत `Asia/Kolkata` च्या जागी `India Standard Time` असू शकतं, तेही बरोबरच. पुण्याची वेळ लावूनही तिथे दुसऱ्याच देशाचं झोन दिसलं, तर तुमच्या लॅपटॉपचं किंवा कॅलेंडरचं टाइम झोन चुकीचं लावलेलं आहे. परदेशातून परत आलेल्या लॅपटॉपवर हे हमखास सापडतं. दर आठवड्याची मीटिंग लावताना कुठल्या शहराचं झोन निवडायचं, हे आधी ठरवा. पुण्याचं निवडलंत, तर मार्चमध्ये शिकागोची वेळ सरकेल. शिकागोचं निवडलंत, तर तुमची. गिऱ्हाइकाचा दिवस बांधलेला असेल तर त्याचं शहर निवडावं आणि आपल्या लोकांना मार्चमध्ये मीटिंग तासभर अलीकडे येणार हे सांगून ठेवावं.

निमंत्रणाच्या शीर्षकात वेळ लिहू नका. मीटिंग हलवली की कॅलेंडर वेळ बदलतं, पण शीर्षकातले तुमचे शब्द तसेच राहतात. मग एकाच निमंत्रणात दोन वेळा दिसतात. ज्याला त्याला जी आधी दिसेल ती खरी.

मीटिंग पुढे-मागे करताना "दोन दिवस पुढे नेली" एवढं लिहून थांबू नका. इंग्रजीत याहून वाईट अवस्था आहे: `moved forward` काही जण अलीकडे आणली असं वाचतात, काही जण पलीकडे ढकलली असं. आपला `prepone` भारताबाहेर अनेकांना कळत नाही. जुनी आणि नवी तारीख दोन्ही लिहा, जुनी आधी:

```
Old: Tuesday, 10 March 2026, Pune 18:30
New: Thursday, 12 March 2026, Pune 18:30
     Munich 14:00, Chicago 08:00
```

हा मेल जुन्या मेलला उत्तर म्हणूनच पाठवायचा, पण विषयाच्या ओळीतली तारीख हाताने बदलायची. ती आपोआप बदलत नाही, आणि फोनच्या पडद्यावर बऱ्याच जणांना आधी तेवढीच दिसते.